चुकून दाबलेलं बटण आणि ४८ तास

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना जुनं खरेदीखत मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं आहे. कागद चार पानांचा. मंगळवारी रात्री पावणेदहाला ते गुगल प्ले स्टोअरवरून स्कॅनिंगचं एक ॲप उतरवतात. चौथं पान स्कॅन करायला गेलं की ॲप अडतं आणि पडदाभर योजना दाखवतं. आठवड्याची ९९ रुपयांना, वर्षाची १,४९९ रुपयांना. गुरुजींना आठवड्याचीच हवी असते. पण टिचकी आधीपासून वर्षाच्या योजनेवर असते आणि खालचं मोठं निळं बटण नुसतं ‘पुढे चला’ म्हणतं. हाताच्या सवयीने यूपीआयचा पिन टाकला जातो. मिनिटभरात बँकेचा संदेश येतो : १,४९९ रुपये वजा.

ही गोष्ट गुरुजींची म्हणून रचली असली, तरी तिचे तुकडे घरोघरी सापडतील. कुणाच्या नातवाने खेळातल्या हिऱ्यांची पेटी घेतलेली असते, कुणी एकाच नावाच्या दोन ॲपांपैकी भलतंच विकत घेतलेलं असतं. आणि यानंतर माणसं बहुतेक जे करतात, तिथेच खरा घोटाळा होतो. ती गुगलवर ‘प्ले स्टोअर रिफंड कस्टमर केअर नंबर’ असं शोधतात.

असा नंबर सापडतोही. तो भामट्याचा असण्याचीच शक्यता जास्त. पलीकडून गोड आवाजात बोलणारा माणूस ‘तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त एक ॲप टाका’ म्हणतो आणि ते ॲप फोनचा पडदा त्याला दाखवणारं निघतं. रिफंड मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. या तिन्हीपैकी काहीही कुणी मागितलं की फोन ठेवून द्यायचा आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवायचं.

मग अर्ज करायचा कुठे? प्ले स्टोअर अमेरिकी कंपनीचं आहे, पण पैसे परत मागण्यासाठी अमेरिकेत कुणाला गाठावं लागत नाही. खिडकी एकच, आणि ती आपल्याच खात्यात असते : ऑर्डरचा इतिहास. संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये `play.google.com` उघडायचं, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबायचं, `Payments & subscriptions` मध्ये जाऊन `Budget & order history` निवडायचं. तिथे आजवरची खरेदी तारीखवार मांडलेली दिसते. चुकलेल्या नोंदीशेजारी `Report a problem` असतं. अर्ज तिथून निघतो. फोनवर कधी कधी हा पत्ता टाकला की ब्राउझरऐवजी प्ले स्टोअरचं ॲपच उघडतं. तेव्हा ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडावी, नाहीतर घरातल्या एखाद्या संगणकावर बसावं.

इतकं सोपं असूनही गुरुजी अडकतात. यादी उघडते, पण कोरी! पैसे तर गेलेत, मग नोंद कुठे? बुधवारची सगळी सकाळ यात जाते.

उत्तर त्या कोपऱ्यातल्या चित्रात असतं. गुरुजींच्या फोनवर दोन गुगल खाती आहेत. एक त्यांनी स्वतः उघडलेलं, दुसरं फोन घेतला त्या दिवशी मुलाने घातलेलं. प्ले स्टोअर मुलाने घातलेल्या खात्यावर चालू होतं, म्हणून खरेदी त्या खात्यात नोंदली गेली. ब्राउझर मात्र गुरुजींच्या खात्यावर उघडला. ऑर्डरचा इतिहास फोनचा नसतो, खात्याचा असतो. कोणत्या खात्यातून खरेदी झाली हे ओळखायची खात्रीची खूण म्हणजे पावतीची मेल. ती `googleplay-noreply@google.com` या पत्त्यावरून येते आणि ज्या जीमेलवर आली असेल त्याच खात्याने आत जायचं. तिच्यात ऑर्डर क्रमांक असतो, `GPA.` या अक्षरांनी सुरू होणारा, मध्ये आडव्या रेघा असलेला लांबलचक. तो टिपून ठेवलेला बरा. पुढे ॲप बनवणाऱ्याला किंवा बँकेला लिहायची वेळ आली तर प्रत्येकजण आधी तोच विचारतो. बँकेच्या संदेशातला यूपीआय व्यवहाराचा क्रमांक वेगळा आणि गुगलच्या ऑर्डरचा वेगळा, याची गल्लत मात्र होऊ द्यायची नाही.

आता अर्ज. `Report a problem` दाबलं की कारण विचारलं जातं. शब्दरचना अधूनमधून बदलते, पण गाभा असा : चुकून खरेदी झाली, घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणी न विचारता केली, ही खरेदी मला ओळखीचीच नाही, घेतलेली वस्तू मिळाली नाही किंवा चालत नाही. घाईत कोणतंही एक निवडून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नये, कारण इथून वाटा फुटतात. ‘ओळखीचीच नाही’ ही वाट अनधिकृत व्यवहाराची आहे, म्हणजे कुणा तिऱ्हाइताने तुमचं कार्ड वा खातं वापरल्याची. त्यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे आणि व्यवहारापासून १२० दिवसांच्या आत तो भरता येतो. ही मुदत मोठी आहे म्हणून आपल्या चुकीवर तोच शिक्का मारला, तर खोटं सहज उघडं पडतं. खरेदी तुमच्याच फोनवरून, तुमच्याच खात्यातून झालेली त्यांना दिसते. गुरुजींचं कारण सरळ आहे, चुकून खरेदी. सोबतच्या चौकटीत सोप्या इंग्रजीतली दोन-तीन वाक्यं पुरतात : आठवड्याची योजना घ्यायची होती, वर्षाची घेतली गेली, त्यानंतर ॲप वापरलेलं नाही, पैसे परत हवेत. शेवटचं वाक्य विसरू नये. नुसती तक्रार आणि पैशांची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं वाक्य, म्हणजे ‘वापरलेलं नाही’, खरं असेल तरच लिहायचं. म्हणून चूक लक्षात आल्याक्षणी त्या ॲपला हात न लावणं चांगलं. पैसे दिलेच आहेत तर कागद तरी स्कॅन करून घेऊ, हा मोह साहजिक आहे. पण वापरलेल्या मालाची परतफेड मागणं कुठल्याही दुकानात अवघडच.

राहिला प्रश्न वेळेचा. गुगलच्या नियमात पहिले ४८ तास महत्त्वाचे. त्या अवधीत केलेल्या मागणीचा विचार गुगल स्वतः करतं आणि खरेदीचा तपशील पाहून निर्णय देतं. ४८ तास उलटले की ते ॲप बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं. गुरुजींचं घड्याळ मंगळवारी रात्री पावणेदहाला सुरू झालं, म्हणजे गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत त्यांना वेळ आहे. बुधवारची सकाळ खात्यांच्या गोंधळात गेली, तरी हातात दीड दिवस उरतो. पण कस्टमर केअरचा नंबर शोधण्यात आणि बँकेच्या शाखेत हेलपाटे घालण्यात हाच वेळ संपतो, आणि मग ‘रिफंड मिळतच नाही’ अशी आवई उठते.

एक त्याहूनही छोटी खिडकी आहे, ती फक्त विकत घेतलेल्या अख्ख्या ॲपसाठी किंवा खेळासाठी. खरेदीनंतर पहिले २ तास प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावरच `Refund` असं बटण दिसतं. ते दाबलं की कारण न विचारता पैसे परतीच्या मार्गाला लागतात आणि ॲप फोनवरून निघून जातं. मात्र एका ॲपसाठी ही सवलत एकदाच. परत केलेलं ॲप पुन्हा विकत घेतलं तर दुसऱ्यांदा ते बटण नाही. ॲपच्या आतली खरेदी, म्हणजे खेळातली नाणी किंवा गुरुजींची वार्षिक योजना, या दोन तासांच्या सोयीत बसत नाही.

या मुदतीला तिचा म्हणून एक इतिहास आहे. प्ले स्टोअरचं नाव अँड्रॉइड मार्केट होतं, तेव्हा घेतलेलं ॲप २४ तासांत परत करता येई. डिसेंबर २०१० मध्ये गुगलने ही मुदत एकदम १५ मिनिटांवर आणली. परत करणारे बहुतेक लोक काही मिनिटांतच परत करतात, असा कंपनीचा युक्तिवाद होता. ॲप बनवणाऱ्यांना मात्र वेगळीच चिंता होती : दिवसभरात खेळ संपवायचा आणि रात्री पैसे परत घ्यायचे, असे बहाद्दर त्यांना ठाऊक होते. पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, तैपेईच्या नगर प्रशासनाने ॲपल आणि गुगल दोघांनाही सांगितलं की तैवानच्या ग्राहक कायद्याप्रमाणे ७ दिवसांत माल परत करायची मुभा द्यावी लागेल. ॲपलने मानलं. गुगलने तैवानमधली पैसे देऊन घ्यायची सगळी ॲपच विक्रीतून काढून घेतली, आणि नगर प्रशासनाने गुगलला १० लाख तैवानी डॉलरचा दंड ठोठावला. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये १५ मिनिटांची मुदत २ तास झाली, ती आजही चालू आहे.

मुलांच्या खरेदीचं प्रकरण याहून मोठं. खेळ फुकट, पण खेळातली नाणी विकत, ही पद्धत गुगलने २०११ मध्ये सुरू केली तेव्हा पासवर्डदेखील विचारला जात नव्हता. पुढे पासवर्ड आला, पण एकदा टाकला की पुढची ३० मिनिटं तो पुन्हा मागितला जात नसे, आणि हे पालकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आईने एक वस्तू घेऊन दिली आणि फोन मुलाच्या हाती ठेवला, की अर्धा तास तिजोरी उघडीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारींचा ढीग लागला. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर पालकांना परत द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी जानेवारीत ॲपलने अशाच प्रकरणात किमान ३ कोटी २५ लाख डॉलरचा समझोता केला होता, फक्त तिथे उघडी राहणारी खिडकी १५ मिनिटांची होती. आज कारणांच्या यादीत ‘घरातल्या कुणी न विचारता खरेदी केली’ हा पर्याय दिसतो, त्यामागे पालकांच्या या तक्रारी आहेत असं मानायला हरकत नाही.

म्हणूनच नातवाच्या प्रतापाबद्दल लिहिताना आडपडदा ठेवायचं कारण नाही. मूल किती वर्षांचं, फोन कुणाचा, एकापाठोपाठ किती खरेद्या झाल्या, हे सरळ लिहावं. प्रत्येक खरेदीची नोंद यादीत वेगळी असते, त्यामुळे मागणीही प्रत्येकीसाठी वेगळी करावी लागते. सहा वेळा हिरे घेतले असतील तर सहा अर्ज. मात्र पासवर्ड किंवा पिन आपणच दुसऱ्याला सांगितला असेल, किंवा खरेदीवर कुलूपच लावलेलं नसेल, तर मागणी फेटाळायला गुगलच्या नियमात जागा आहे. हे कुलूप प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये मिळतं. प्रत्येक खरेदीला ओळख पटवून घ्यायची, अशी निवड तिथे करता येते. पैसे परत मिळाले तर खेळ बनवणाऱ्यालाही त्याची खबर जाते आणि तो ते हिरे काढून घेऊ शकतो. नातू रडेल, त्याची तयारी ठेवावी.

गुरुजींकडे परत येऊ. अर्ज गेला की निर्णय मेलने येतो. कधी १५ मिनिटांत येतो, कधी चार दिवसही लागतात. इतक्या झटपट येणारं उत्तर कुणी माणूस वाचून देत असेल असं वाटत नाही, तेव्हा पहिल्या नकाराने खचून जाण्याचं कारण नाही. मंजुरी आली तर पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. कार्डाने दिले असतील तर साधारण ३ ते ५ कामाचे दिवस, क्वचित १०. प्ले स्टोअरच्या शिलकीतून दिले असतील तर शिलकीतच जमा होतात, रोख मिळत नाहीत. मोबाइलच्या बिलातून दिले असतील तर सगळ्यात उशीर, कधी दोन बिलं उलटावी लागतात. यादीत त्या नोंदीपुढे परतफेडीची खूण दिसते पण बँकेत पैसे नाहीत, असं मधले काही दिवस चालतंच.

दरम्यान गुरुजींनी रागाने ते ॲप फोनवरून काढून टाकलेलं असतं. ठीक आहे, पण त्याने वार्षिक योजना बंद होत नाही. ॲप काढणं, योजना रद्द करणं आणि पैसे परत मागणं ही तीन निरनिराळी कामं आहेत आणि एकाने दुसरं होत नाही. योजना रद्द करायची ती प्ले स्टोअरच्या `Subscriptions` पानावर. रद्द केल्यावर पुढच्या वर्षीचे पैसे वाचतात, गेलेले परत येत नाहीत. पैसे भरलेला काळ संपेपर्यंत ॲप चालत राहतं. काहीजण यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगी काढून टाकतात. पुढची कपात त्याने थांबते, पण परतफेडीची मागणी त्यातून कुणाकडेच जात नाही. भारतात एक बरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कपातीआधी २४ तास सूचना द्यावी लागते. ती सूचना न वाचता पुसून टाकणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

आणि ४८ तास उलटून गेले असतील तर? ॲपच्या पानावर खाली, बनवणाऱ्याचा ईमेल पत्ता असतो. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम आणि कारण एवढं लिहून त्याला पाठवायचं. पैसे परत द्यायचा अधिकार त्यालाही आहे आणि तो गुगलच्या ४८ तासांना बांधलेला नाही. मोठ्या नावाच्या कंपन्या यात बऱ्याचदा समजूतदार वागतात, कारण त्यांना पानाखालच्या तारकांची काळजी असते. नाव-गाव नसलेल्या स्कॅनिंग ॲपच्या मालकाकडून उत्तर येईलच, असं सांगता येत नाही.

एका प्रकारात मात्र गुगलची ही खिडकी कामाचीच नाही. खरेदी प्ले स्टोअरमधून घेतलेल्या ॲपमध्ये झाली, पण पैसे गुगलमार्फत न जाता ॲपवाल्याच्या स्वतःच्या व्यवस्थेने गेले, तर ती नोंद ऑर्डरच्या इतिहासातून परत मागता येत नाही. भारतात हा प्रकार वाढतो आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीवरून गुगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि ॲपवाल्यांना पैसे घेण्याची दुसरी व्यवस्था वापरू देण्याचा आग्रह धरला. ग्राहकाच्या बाजूने याचा अर्थ इतकाच की खात्यांची अदलाबदल करून पाहिली तरी नोंद दिसत नसेल आणि पावतीवर `GPA.` नसेल, तर मागणी थेट ॲपवाल्याकडेच करावी लागणार.

आयफोन असेल तर पत्ता बदलतो, रीत फारशी बदलत नाही. `reportaproblem.apple.com` उघडून ॲपल खात्याने आत जायचं, परतफेडीचा पर्याय आणि कारण निवडायचं, खाली आलेल्या खरेदीच्या यादीतून चुकलेली वस्तू निवडून अर्ज पाठवायचा. तिथे एक अडचण नेहमी येते. व्यवहार अजून ‘प्रलंबित’ दिसत असेल तर अर्ज करता येत नाही. पैसे प्रत्यक्ष कापले जाईपर्यंत थांबावं लागतं.

सगळीकडून नकार आला तर बँकेत जाऊन व्यवहारच आव्हानायचा विचार मनात येतो. दुसऱ्याने खरोखर चोरून पैसे काढले असतील तर तो रास्त मार्ग आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर अशा चोरीची झळ ग्राहकाला बसू नये. पण स्वतः पिन टाकून केलेली चुकीची खरेदी म्हणजे चोरी नव्हे. असा दावा टिकणं कठीण. शिवाय त्या वादामुळे गुगल खात्यातली पैसे देण्याची सोय अडकून पडू शकते, आणि गुरुजींच्या बाबतीत ते खातं मुलाने घातलेलं, म्हणजे कुटुंबाचे फोटोही कदाचित त्यातच असतात. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक बरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत परदेशी दुकानंही येतात, भारतातल्या ग्राहकाला माल वा सेवा विकत असतील तर. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची, असं ते नियम सांगतात. वर्षाच्या योजनेवर आधीच टिचकी ठेवण्यासारख्या खेळ्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. म्हणून तक्रारीसोबत ऑर्डर क्रमांक आणि नकाराची मेल तर जोडावीच, पण त्या निळ्या बटणाच्या पडद्याचं छायाचित्रही जोडावं. ॲप पुन्हा उघडून, पैसे न देता, तेवढं चित्र घेता येतं.